‘डावीकडे बघा’ म्हणजे नेमकं कोणाच्या डावीकडे? कॉलेजच्या ३६० अंशी टूरची संहिता

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीने व्हायला लागले. अर्जात दहापर्यंत पसंतीची कॉलेजं भरता येतात. आता दहावी झालेल्या मुलीने दहा कॉलेजं पाहून यायची म्हटली तर एसटीच्या तिकिटातच महिन्याचा बाजार होईल. म्हणून कॉलेजांनी आपापल्या वेबसाइटवर ‘व्हर्च्युअल टूर’ नावाचं बटण लावलं आहे. दाबलं की कॉलेजचं फाटक दिसतं, बोट फिरवाल तसं चित्र गोल फिरतं आणि मागून एक आवाज बोलत असतो: “आपल्या डावीकडे प्रशासकीय इमारत, उजवीकडे ग्रंथालय, समोर ध्वजस्तंभ...”

अशीच एक संहिता मी लिहिली होती. रेडिओसाठी आणि माहितीपटांसाठी निवेदन लिहिण्याचं माझं काम. एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजने बोलावलं तेव्हा वाटलं, सहा थांबे आहेत, दोन दुपारचं काम. लिहून, रेकॉर्ड करून झालं आणि मी ती टूर भाचीच्या हातात दिली. तिची दहावी नुकतीच झाली होती, म्हणजे गिऱ्हाईक अगदी नेमकं. मिनिटभरात तिने फोन खाली ठेवला.

“मावशी, ही बाई डावीकडे इमारत म्हणतेय, तिथे तर सायकली आहेत.”

ती बाई म्हणजे मीच. आणि भाचीचं काही चुकलं नव्हतं. टूर सुरू होताच तिने सवयीने बोट फिरवलं होतं आणि ती फाटकाकडे तोंड करून बसली होती. तिच्या डावीकडे खरंच सायकल स्टँड होतं.

## आधी हे चित्र काय असतं ते बघू

साधा फोटो खिडकीसारखा असतो. चौकटीत जे आलं ते आलं. ३६० अंशी पॅनोरमा म्हणजे कॅमेऱ्याभोवतीचा अख्खा गोल: चारही बाजू, डोक्यावरचं आकाश, पायाखालची फरशी. कॅमेऱ्याला पुढे-मागे एकेक भिंग असतं. दोन्ही भिंगं एकाच क्षणी टिपतात आणि सॉफ्टवेअर ती दोन चित्रं कडेला शिवून एक करतं.

संत्र्याची साल अलगद काढून पाटावर चपटी केली तर ती फाटते. इथे ती फाटू न देता ताणून चौकोनी केलेली असते. म्हणून या फाइलची रुंदी नेहमी उंचीच्या दुप्पट असते: आडवं ३६० अंश, उभं १८० अंश. ती नुसती उघडली तर वरचं छत आणि खालची जमीन चपातीसारखी लाटलेली दिसते. टूरचं सॉफ्टवेअर ही साल पुन्हा संत्र्यावर चढवतं आणि तुम्हाला संत्र्याच्या आत, बरोबर मध्यभागी उभं करतं.

मात्र एका वेळी दिसतो तो संत्र्याचा तुकडाच. Pannellum हे विनामूल्य सॉफ्टवेअर आम्ही वापरलं. त्यात काही बदल केला नाही तर पडद्यावर एका वेळी आडवे १०० अंश दिसतात, म्हणजे एकूण गोलाच्या चौथाईपेक्षा थोडे जास्त. उरलेले २६० अंश बघणाऱ्याच्या पाठीमागे आणि कडेला असतात, आणि ते कधी बघायचे हे त्याचं त्याने ठरवायचं. माहितीपटात कॅमेरा माझ्या शब्दाबरोबर फिरतो. इथे तो दुसऱ्याच्या हातात असतो, आणि संहितेची सगळी भानगड एवढ्याच गोष्टीतून निघते.

## फोटोतला तिसरा मुलगा

शाळेचा जुना ग्रुप फोटो काढून कोणी म्हणालं, “मागच्या रांगेत डावीकडून तिसरा तो मी,” तर लगेच प्रश्न येतो, आमच्या डावीकडून की तुझ्या? तिथे निदान फोटो एका जागी स्थिर असतो. पॅनोरमात बघणारा प्रत्येक जण वेगळ्या बाजूला तोंड करून उभा असतो आणि निवेदिकेला ते दिसत नाही.

फोनवर पत्ता सांगताना आपण हे बरोबर करतो. “डावीकडे वळ” असं कोणी सांगत नाही, कारण समोरचा कुठून येतोय ते ठाऊक नसतं. आपण म्हणतो, “मारुतीच्या देवळापाशी ये. देऊळ दिसलं? आता देवळाकडे तोंड करून उजव्या हाताला पिठाची गिरणी आहे.” आधी एक खूण, जी चुकणं शक्य नाही. ती सापडल्याची खात्री. मग तिच्यापासून एकच वळण.

संहितेतही तेच करायचं. प्रत्येक थांब्यावर एक खूण निवडायची. आम्ही तिला ‘खुंटी’ म्हणत होतो, कारण बाकीचं सगळं तिला टांगायचं असतं. खुंटी त्या जागेत एकच असावी, लांबून ओळखू यावी आणि शब्दात पटकन सांगता यावी. झाड चालतं का? आवारात एकच पिंपळ असेल तर चालतं. पण शहरातल्या मुलांना पिंपळ आणि वड यांतला फरक सांगत बसण्यापेक्षा ‘पार बांधलेलं झाड’ म्हटलेलं बरं. इमारत सहसा चालत नाही, कारण ती पडदाभर पसरते आणि तिच्या उजवीकडे म्हणजे नक्की कुठे ते कळत नाही. उभी, बारीक आणि एकटी वस्तू सगळ्यात चांगली: ध्वजस्तंभ, पाण्याची टाकी, घड्याळ, पुतळा.

## फाटकाचा थांबा, दुसऱ्यांदा लिहिलेला

पहिल्या संहितेत फाटकावर बारा सेकंदांत चार दिशा होत्या. डावी, उजवी, समोर, मागे. मोठ्याने वाचताना छान लय लागायची, म्हणूनच मी फसले. मराठी निवेदन शांतपणे वाचलं तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात, म्हणजे सेकंदाला दोन शब्द. एकेका दिशेला तीन सेकंद मिळत होते. भाचीला फोनवर पाठीमागे वळायलाच चार-पाच सेकंद लागत होते, आणि वळून झाल्यावर बघायचंही असतं.

नंतर लिहिलेलं असं होतं:

“आपण फाटकातून आत आलो आहोत. पांढरा ध्वजस्तंभ दिसतोय का? दिसत नसेल तर सावकाश गोल फिरा, आवारात तो एकच आहे.” इथे पाच सेकंद शांतता. “स्तंभाच्या उजव्या अंगाला काळ्या दगडाची इमारत आहे. तिच्या दारावरच्या कमानीकडे बघा.” पुन्हा चार सेकंद. “कमानीच्या मधल्या दगडावर कोरलेलं साल दिसेल. कॉलेजची ही पहिली इमारत. प्रवेशाचा अर्ज, बोनाफाइड, शिष्यवृत्ती, सगळी कामं आजही याच दारातून आत गेल्यावर डाव्या हाताच्या खिडकीवर होतात.”

यातला क्रम बघा. खूण, वळण, वस्तू, आणि माहिती सगळ्यात शेवटी. माहिती आधी दिली तर ऐकणारा ती ऐकत ऐकत शोधत राहतो आणि दोन्ही अर्धवट होतं. मराठी इथे मदतीला येते, कारण आपल्या वाक्यात जागा आधी आणि क्रियापद शेवटी येतं. ‘स्तंभाच्या उजव्या अंगाला, दारावरच्या कमानीत’ म्हणेपर्यंत नजर तिथे पोचलेली असते आणि मग ‘बघा’ येतं.

शेवटच्या वाक्यातला ‘डाव्या हाताची खिडकी’ मात्र चालतो. तो पडद्यावरचा डावा नाही, प्रत्यक्ष दारातून आत शिरणाऱ्याचा डावा आहे, आणि दारातून शिरताना तोंड कुठे असतं याबद्दल दुमत नसतं.

सायकल स्टँड आणि ग्रंथालय फाटकाच्या थांब्यातून काढून टाकलं. प्राचार्य सरांना ते रुचलं नाही. “ग्रंथालय आमचं भूषण आहे,” म्हणाले. म्हटलं, सर, म्हणून तर त्याला स्वतःचा थांबा दिलाय.

## अंश कुठून काढायचे

संहिता नुसती शब्दांत राहिली तर टूर बांधणाऱ्याला ‘कमान’ म्हणजे चित्रात कुठे ते कळत नाही. त्यामुळे प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे लिहावे लागतात: आडवा कोन आणि उभा कोन. सॉफ्टवेअरमध्ये त्यांची नावं `yaw` आणि `pitch`. चित्राचा मध्य हा शून्य. उजवीकडे अधिक, डावीकडे उणे, वर अधिक, खाली उणे.

हे काढायला अंदाज नको. आमचा पॅनोरमा ६,७२० ठिपके रुंद आणि ३,३६० ठिपके उंच होता. चपटी फाइल कुठल्याही साध्या चित्र-सॉफ्टवेअरमध्ये उघडायची आणि कमानीवर कर्सर नेऊन जागा वाचायची. कमान आडवी ४,४८० व्या ठिपक्यावर होती. ४,४८० भागिले ६,७२० म्हणजे रुंदीचा दोन तृतीयांश. त्यातून मध्याचा अर्धा वजा केला की उरतो एक षष्ठांश, आणि ३६० चा एक षष्ठांश म्हणजे ६०. कमान मध्यापासून ६० अंश उजवीकडे. उभी जागा वरून मोजल्यावर १,४९३ आली. उंचीच्या अर्ध्यातून तिचं प्रमाण वजा करून १८० ने गुणलं की १० अंश वर.

आता टूर उघडते तेव्हा १०० अंश दिसतात, म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास. कमान साठावर. म्हणजे उघडताना ती पडद्याच्या थोडी बाहेर आहे, जरा वळावं लागेल. हे आम्हाला हवंच होतं. पहिलं वळण इतकं लहान असावं की हे चित्र फिरतं, हे त्यातूनच कळावं.

## पुढच्या थांब्यावर भोवळ का येते?

थांबे बदलायला चित्रात बाण असतो, त्याला हॉटस्पॉट म्हणतात. फाटकावरचा बाण दाबला की आपण चौकात. पण पहिल्या टूरमध्ये चौकात पोचल्यावर समोर पुन्हा फाटकच दिसायचं. चालत पुढे गेलो आणि कोणीतरी खांदे धरून गर्रकन मागे फिरवलं, असं वाटायचं. भाची म्हणाली, “मी मागे गेले की पुढे?”

कारण साधं आहे. चौकात ट्रायपॉड ठेवताना छायाचित्रकाराने कॅमेऱ्याचं तोंड सोयीच्या बाजूला केलं. त्या चित्राचा मध्य तिकडे गेला आणि सॉफ्टवेअरने उघडताना मध्यच दाखवला. उपाय असा की प्रत्येक चित्राचा मध्य खऱ्या उत्तर दिशेपासून किती अंशांवर आहे ते नोंदवायचं. फाटकाच्या चित्राचा मध्य पूर्वेला होता, म्हणजे ९० अंश. ही नोंद अशी करतात:

```json
"fatak": {
  "type": "equirectangular",
  "panorama": "fatak.jpg",
  "yaw": 0, "pitch": 0, "hfov": 100,
  "northOffset": 90,
  "hotSpots": [
    { "type": "scene", "sceneId": "chauk",
      "yaw": 20, "pitch": -8,
      "text": "चौकात चला",
      "targetYaw": "sameAzimuth" }
  ]
}
```

`targetYaw` च्या ओळीचा अर्थ: बघणाऱ्याचं तोंड खऱ्या जगात ज्या दिशेला आहे, त्याच दिशेला पुढचं चित्र उघड. बाण २० अंशांवर आहे. त्याच्याकडे बघत तो दाबला, म्हणजे नजर उत्तरेपासून ११० अंशांवर. चौकाच्या चित्राचा मध्य उत्तरेपासून ३०० अंशांवर होता. ११० वजा ३०० म्हणजे उणे १९०, आणि गोल पुरा करून १७०. म्हणजे चौकाचं चित्र त्याच्या मध्यापासून जवळजवळ पाठमोरं उघडायला हवं होतं. मध्यच उघडल्यामुळे ते फाटकाकडे तोंड करून उघडत होतं.

दिशा नोंदवायला चित्र काढतानाच फोनमधलं होकायंत्र बघून वहीत लिहावं. आम्ही लिहिलं नव्हतं. मग कॉलेजच्या शिपाई मामांना घेऊन सहाही जागी पुन्हा उभं राहिलो. मामांनी विचारलं, “मॅडम, वास्तू बघताय का?”

हे दुरुस्त झालं की संहितेतली वाक्यंही बदलतात. चौकात शिरताना तोंड कुठे असणार हे आता साधारण ठाऊक असतं, म्हणून पहिली खुंटी त्याच बाजूची निवडायची. तरी ‘समोर’ हा शब्द मी टाळतेच. बोट कधी हलेल सांगता येत नाही.

## ‘मागे वळा’ कधी म्हणावं: ओव्हल मैदानाचं उदाहरण

सगळी वळणं लहान ठेवायची असं नाही. काही जागा मागे वळल्याशिवाय कळतच नाहीत. मुंबई विद्यापीठाचं फोर्टमधलं संकुल घ्या. ओव्हल मैदानात शंभरेक मीटर आत उभं राहून पूर्वेकडे तोंड केलं की विद्यापीठाच्या ग्रंथालयाची इमारत आणि तिच्यावरचा राजाबाई टॉवर दिसतो. त्याच्या उजव्या हाताला दीक्षान्त सभागृह, डाव्या हाताला उच्च न्यायालय. प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला, मनोऱ्याला आईचं नाव दिलं, आणि १८७८ मध्ये तो पुरा झाला. आराखडा केला जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, लंडनमध्ये बसून. ते मुंबईला कधी आलेच नाहीत. व्हर्च्युअल टूरचा उलटा प्रकार म्हणायचा.

मनोरा २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर उंच. शंभर मीटरवरून त्याचं टोक क्षितिजापासून ४० अंशांवर येतं. लॅपटॉपच्या आडव्या पडद्यावर आडवे १०० अंश दिसत असतील तर उभे साधारण ६८ दिसतात, म्हणजे क्षितिजाच्या वर ३४. टूर सपाट नजरेने उघडली तर मनोऱ्याचं टोक पडद्याबाहेर जातं! दोन उपाय आहेत. नजर १५ अंश वर ठेवून टूर उघडायची, किंवा सपाट उघडून संहितेनेच न्यायचं: “घड्याळ सापडलं? आता तिथूनच सरळ वर, टोकापर्यंत.” मी दुसरा निवडेन, कारण मान वर करत जाण्यात उंची कळते. कॅमेरा चाळीस मीटरवर नेला असता तर मात्र टोक ६४ अंशांवर गेलं असतं, आणि तेवढी मान दुखवून दिसला असता फक्त आकाशाला टेकलेला दगड. थांब्याची जागा आधी संहितेने ठरवावी आणि मग छायाचित्रकाराने ट्रायपॉड रोवावा, ते यासाठी.

आता मागे वळणं. याच जागी पाठीमागे, मैदानाच्या पश्चिम कडेला, आर्ट डेको शैलीच्या राहत्या इमारतींची रांग आहे. या दोन्ही बाजू मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, एका बाजूचा गॉथिक आणि दुसऱ्या बाजूचा डेको. मैदानाच्या मध्यावर उभं राहून एक वळण घेतलं की दोन काळ दिसतात, आणि साध्या फोटोला हे जमत नाही. इथे मी असं लिहीन: “मनोरा बरोबर पाठीशी येईल इतके वळा. डावीकडून वळा की उजवीकडून, पोचाल तिथेच. झाडांच्या पलीकडे गोलाकार बाल्कन्यांची रांग दिसेल.” खुंटी तीच, फक्त उलटी वापरली. पण असं पूर्ण वळण टूरभर एकदाच द्यावं, फार तर दोनदा. डोळ्यांवर लावायचा व्हीआर चष्मा घालून बघणाऱ्याला ते खुर्चीत बसून मानेने करावं लागतं.

## “एवढं कशाला? चित्रात बाण टाका, नावं लिहा”

ही शंका बरोबर आहे आणि अर्धं काम त्याने होतंही. पण ग्रंथालय असं लिहिलेला बाण ग्रंथालय कुठे ते सांगतो, तिथे काय बघायचं ते नाही. शिवाय एका थांब्यावर आठ-दहा बाण लावले की चित्र लग्नाच्या मांडवासारखं दिसतं. आम्ही थांब्यामागे एकच माहितीचा बिंदू ठेवला, संहिता ज्याच्याकडे नेते तेवढाच.

पाटीवरची अक्षरं दिसतील, मग सांगायला कशाला हवं, असंही सरांना वाटत होतं. त्याचा हिशेब आहे. आमच्या चित्रात एका अंशात साधारण १९ ठिपके येतात. पाटीवरचं दहा सेंटिमीटर उंचीचं अक्षर पाच मीटरवरून एका अंशाहून थोडं जास्त भरतं, म्हणजे २१ ठिपके. तेवढ्यात काना, मात्रा, अनुस्वार वाचता येतात. तीच पाटी पंधरा मीटरवर गेली की अक्षर सात ठिपक्यांचं. सात ठिपक्यांत ‘रसायन’ आणि ‘रसवंती’ सारखेच दिसतात. जवळ आणून बघितलं तरी उपयोग नाही, चौकोनच मोठे होतात. दूरची पाटी आवाजाने वाचून दाखवावी, ‘बघा’ म्हणू नये.

## “मग सरळ व्हिडिओच का नको?”

ज्याला गोष्ट सांगायची आहे त्याने खरंच व्हिडिओ करावा, स्वस्तात होतो. टूरचा फायदा तेव्हाच, जेव्हा बघणाऱ्याला स्वतःचं काहीतरी तपासायचं असतं. पायऱ्या किती, चाकाच्या खुर्चीसाठी उतार आहे का, खिडक्यांना जाळी आहे का, वर्गात पंखे किती. हे व्हिडिओत दाखवणारा दाखवील तेवढंच दिसतं. म्हणून आपोआप गोल फिरणारं चित्र मी बंद करायला लावते. ते व्हिडिओसारखं दामटवतं आणि वर निवेदनाशी जुळतही नाही: आवाज कमानीबद्दल बोलतो तेव्हा चित्र शौचालयाच्या मागच्या भिंतीवर पोचलेलं असतं.

दृष्टिहीन मुलांचं काय, हेही एका शिक्षिकेने विचारलं. त्यांच्यासाठी ‘कमानीकडे बघा’ निरुपयोगी आहे, पण ‘फाटकातून आत आल्यावर दगडी इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या, आत डाव्या हाताला खिडकी’ हे कामाचं आहे. संहिता लिहून तयार असतेच, तिच्यातून अशी वाक्यं वेगळी काढून पानावर मजकूर म्हणून द्यायची. अर्धा दिवस लागला.

## आत शिरल्यावर

खोल्यांमध्ये वेगळी अडचण येते. दोन भिंगांची चित्रं जिथे शिवली जातात तिथे जवळची वस्तू तुटते, कारण दोन्ही भिंगांना ती किंचित वेगळ्या जागेवरून दिसते. आमच्या प्रयोगशाळेच्या पहिल्या चित्रात टेबलाच्या कडेने ठेवलेलं ब्युरेटचं स्टँड मधोमध दोन झालं होतं, आणि संहितेत नेमकं तिकडेच बघायला सांगितलं होतं. जे दाखवायचं ते एका भिंगाच्या तोंडासमोर आणि निदान दीड-दोन मीटर लांब ठेवायचं. शिवण रिकाम्या भिंतीवर पाडायची. कपडे शिवणारी बाई नक्षी शिवणीवर येऊ देत नाही, तसंच.

वसतिगृहाच्या खोलीसाठी मी सगळ्यात जास्त लिहिलं होतं आणि सगळं खोडलं. सुरुवातीला एकच ओळ ठेवली: “ही दोघींची खोली. तुम्हीच बघा.” मग पंधरा सेकंद काहीच नाही. रिकाम्या आवाजाची भीती वाटते, पण इथे बघणारी मुलगी स्वतःला तिथे ठेवून बघत असते, तिला खुंटी लागत नाही.

भाचीला दुसऱ्यांदा टूर दिली तेव्हा मी तिच्या मागे उभी राहून बघत होते. या खोलीत ती आधी पंख्याकडे गेली, मग खिडकीकडे, कपाटाकडे. मग दाराकडे वळली आणि तिथेच थांबली. दार उघडं होतं, भिंतीला टेकलेलं.

“मावशी, याला आतून कडी कुठाय?”

दार उघडं ठेवून फोटो काढल्यामुळे कडीची बाजू भिंतीकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही ते दार लावून घेतलं, कडी घातली, आणि खोलीचा फोटो पुन्हा काढला.